सोन्याला काय लिहू?

ताई, स. न. वि. वि.

माझा भाचा सोन्या पुढच्या महिन्यात सोळा तारखेला नोकरीला लागतोय. ऐरोलीत कम्प्युटरची कंपनी आहे, पाळ्यांचं काम आहे. राहायला घणसोलीत तिघांत एक खोली घेतलीय. आमच्या खानदानात कम्प्युटरवर बसून पगार घेणारा हा पहिलाच. माझी धाकटी बहीण म्हणते, "दादा, तू मुंबई बघितलीयस, तू त्याला पत्र लिही." मी १९७९ ते ८३ मुंबईत होतो. लालबागला गावाच्या गाळ्यात राहायचो, गिरणीत बदलीवर होतो. संपानंतर परत आलो ते कायमचं. नोकरी गेल्याचं तीन महिने घरी कळवलं नव्हतं, पण ते असो.

तीन पानं लिहिली आहेत, सोबत जोडतो. बायको म्हणते हे पत्र नाही, भाषण आहे. त्याच्या तिसऱ्या वर्षाच्या फीला मी साठ हजार दिले होते, ते पत्रात लिहावं का? मायना कसा घालायचा? आणि आता पत्र कुणी वाचतं का? व्हॉट्सअॅपवर टाकू का?

एक मामा, सातारा जिल्हा

* * *

मामा, नमस्कार.

वहिनींचं बरोबर आहे. मी तुमची तीन पानं पेन्सिल घेऊन वाचली. पहिल्या दीड पानात तुम्ही नाहीच आहात. "उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा", "कष्टाला पर्याय नाही", "वाईट संगत टाळ", "यशाचं शिखर गाठ". ही वाक्यं चौकातल्या फ्लेक्सवर लावली तर खाली कुणाचाही फोटो चालेल. सोन्याची बारावी झाली तेव्हा, डिग्री झाली तेव्हा त्याने ती ऐकलीत, नोकरी लागल्यावर आणखी पन्नास जणांकडून ऐकेल. ते दीड पान मी आडवी रेघ मारून काढलंय. रागावू नका.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर मात्र एक वाक्य आहे: "रातपाळी करून आलो की ज्याच्या वळकटीवर झोपायचं तो दिवसपाळीला गेलेला असायचा, म्हणून जागा मिळायची." तुम्ही ते लिहून लगेच पुढे "असो" म्हटलंय. मामा, तुमचं पत्र तिथून सुरू होतं.

तुम्हाला वाटतं की तुमची मुंबई आणि त्याची मुंबई यांचा आता काही संबंध नाही. एका अर्थी खरंच आहे. तो ठाणे-वाशी लाइनवर घणसोली ते ऐरोली करणार. मधे एक रबाळे, की आलं ऐरोली. लालबागला तो कदाचित गणपतीतच जाईल. म्हणून लोकलच्या गर्दीबद्दल, खिसेकापूंबद्दल, दादरला कुठल्या पुलावरून उतरायचं याबद्दल तुम्ही जे पाऊण पान लिहिलंय, ते त्याच्या कामाचं नाही. ते त्याला तिथली पोरं एका आठवड्यात शिकवतील, आणि ती माहिती आजची असेल. पण पाळी ही गोष्ट बदललेली नाही. एका खोलीत तिघं, तिघांच्या वेळा वेगळ्या. एक झोपलेला असताना दुसरा डबा उघडतो, तिसरा दिवा लावतो. हे त्याला ऑफिसात कुणी शिकवणार नाही, आणि त्याच्या आईवडिलांना ठाऊक असण्याचं कारण नाही. गावाकडे रात्र म्हणजे रात्रच असते. तुम्हाला मात्र ठाऊक आहे. पूर्ण घरात फक्त तुम्हाला.

तेव्हा शहराबद्दल एकच गोष्ट लिहा, आणि ती पाळीची लिहा. खानावळवाल्या मावशी तुमचं ताट झाकून ठेवायच्या, रातपाळीहून आल्यावर उपाशी झोपलं की दोन तासांत जाग यायची, खिडकीला घोंगडी लावायला तुम्हाला कुणी शिकवलं, हे सगळं तुमच्याच पानांत इकडेतिकडे सांडलेलं आहे. ते एकत्र करा. "उपाशी झोपू नकोस" असा उपदेश करू नका. तुम्ही उपाशी झोपत होतात आणि काय व्हायचं, एवढंच सांगा. बाकीचं तो समजेल. बावीस वर्षांचा आहे, बावळट नाही.

आता साठ हजारांचं. तुमच्या मसुद्यात लिहिलंय, "तुझ्या शिक्षणाला सगळ्यांनी हातभार लावला, त्याची जाणीव ठेव." मामा, यातलं "सगळ्यांनी" म्हणजे "मी" हे सोन्याला पहिल्या वाचनात कळणार. आणि मग तो विचार करत बसणार: मामा पैसे मागतोय का? कधी द्यायचे? आईला विचारू का? तुम्हाला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं, असं मी धरून चालते. पण जाणीव ठेव म्हणणारं वाक्य नेहमी असंच वाचलं जातं.

इथे मधला रस्ता नाही. पैसे परत हवे असतील तर ते या पत्रात अजिबात नको. सहा महिन्यांनी, त्याचा जम बसल्यावर, समोर बसून सरळ बोला. त्यात लाज कसली, व्यवहार आहे. पण नको असतील, तर "नकोत" असं आकड्यासकट लिहून टाका. "त्या साठ हजारांचा विषय माझ्याकडून संपला" असं एक वाक्य. गोल गोल लिहिलेली माफी माफी नसते, कारण समोरच्याला ती खरी आहे की शिष्टाचार हे कळत नाही. आणि एकदा लिहिलंत की मग लग्नात, बारशात, भावकीच्या बैठकीत तो आकडा पुन्हा तोंडातून काढायचा नाही. तेवढी तयारी नसेल तर विषयच टाळा. मी तुमच्या पत्राचा कल बघून खालच्या मसुद्यात माफीचं वाक्य घातलंय. पटलं नाही तर ते खोडा. पण त्याच्या जागी "जाणीव" आणू नका.

पैशांचा विषय निघालाच आहे तर पगाराबद्दलही. तुम्ही लिहिलंय, "महिना तीस हजार म्हणजे काही कमी नाही, त्यातले दहा आईला पाठव." हे तीस हजार कुठून आले ते मला कळलं: पॅकेज तीन लाख साठ हजारांचं, भागिले बारा. पण पॅकेज आणि हातात येणारा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावात हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून पहिल्या पगाराला घरोघरी गैरसमज होतात. समजा त्याचं मूळ वेतन पंधरा हजार धरलंय. त्याच्या बारा टक्क्यांनी त्याच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जाणार, १,८०० रुपये. कंपनी स्वतःच्या वाट्याचे तेवढेच १,८०० भरते, पण बहुतेक ठिकाणी ते पॅकेजच्या आकड्यातच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे सातशेवीस-एक रुपयेही अनेक कंपन्या त्यातच धरतात. वर महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हे वजा केल्यावर उरतात साधारण साडेपंचवीस हजार. शिवाय तो सोळा तारखेला लागतोय, म्हणजे पहिल्या महिन्याचा अर्धाच पगार, साडेबारा हजारांच्या आसपास. काही ऑफिसांत ठरावीक तारखेनंतर लागलेल्याचा पहिला पगार पुढच्या महिन्यातच निघतो, तसं झालं तर पहिली एक तारीख कोरडीच जाईल. कंपनीचा हिशेब थोडा इकडेतिकडे असेल, पण चित्र हे असं आहे.

आता याच महिन्यात त्याने खोलीचं डिपॉझिट भरलेलं असणार, गादी-बादली घेतलेली असणार. त्याच्या हातात तुमचं पत्र पडतं आणि त्यात लिहिलंय दहा हजार आईला पाठव. तो पाठवेल हो. मित्राकडून उसने घेऊन पाठवेल आणि तुम्हाला सांगणार नाही. म्हणून आकडा नको. "पगार किती" हा प्रश्नही नको. आईला पहिल्या पगारातून काहीतरी पाठवावं असं वाटत असेल तर ते त्याला वाटू द्या. आणि गावातली पोरं "तीस हजार" म्हणत फिरतील तेव्हा बहिणीला आणि दाजींना वरचा हिशेब तुम्हीच समजावून सांगा. पत्रात लिहिण्यापेक्षा त्याला याचा उपयोग जास्त.

आता त्या "पण ते असो"कडे येते.

तुम्ही माझ्या पत्रात लिहिलंत की नोकरी गेल्याचं तीन महिने घरी कळवलं नव्हतं. सोन्याच्या पत्राच्या मसुद्यात मात्र त्याचा उल्लेखही नाही. तिथे संपाबद्दल एक परिच्छेद आहे, १८ जानेवारी १९८२, डॉक्टर सामंत, अडीच लाख कामगार, गिरण्यांच्या जागी आज काय उभं आहे. ते सगळं खरं आहे आणि त्याने कधीतरी तुमच्या तोंडून ऐकायलाच हवं. पण शुभेच्छांच्या पत्रात इतिहासाचा परिच्छेद घातला की वाचणाऱ्याला वाटतं, मामा सुचवतोय की तुझीही नोकरी जाईल. तो परिच्छेद मी काढलाय. त्या तीन महिन्यांसाठी जागा ठेवलीय.

कारण बघा, पहिल्या नोकरीत पोरं अडकतात ती कामात कमी आणि न सांगण्यात जास्त. साहेब ओरडला, प्रोबेशन वाढवलं, काम झेपत नाही, रूममेटने भाडं दिलं नाही. घरी फोन केला की "सगळं मस्त". गावात पेढे वाटून झालेत, आता मागे कसं फिरायचं? तुम्ही लालबागमध्ये नेमके इथेच अडकला होतात. ते तीन महिने तुम्ही काय केलंत, कुणाकडे जेवलात, घरी कळल्यावर वडील काय म्हणाले, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. त्यामुळे मसुद्यात मी ती जागा कोरी सोडलीय. तिथे दोन-तीन वाक्यं तुम्हीच लिहा. रंगवू नका, स्वतःला हिरो करू नका, बिचारेही करू नका. आणि त्यानंतर, काही बिनसलं तर पहिला फोन कुणाला करायचा, हे लिहा. "आम्ही सगळे आहोत" असं नको. सगळे म्हणजे कुणीच नाही. "मला कर" असं लिहा.

मायन्याचं सोपं आहे. वर उजवीकडे गाव आणि तारीख. मधोमध श्री घालायची सवय असेल तर घाला. मग "चि. सोन्यास, अनेक उत्तम आशीर्वाद." पाकिटावर पूर्ण नाव, आत घरचं नाव. तुम्ही मसुद्यात "अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि." असं लिहिलंय. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. मला लिहिताना ते शोभलं, भाच्याला मामा विनंती कसली करतो? ते काढा. शेवटी "लोभ असावा" हेसुद्धा बरोबरीच्यांना. भाच्याला "कळावे, तुझा मामा" पुरे. आणि "तुम्हांस", "आपणांस" वगैरे कुठून आलं ते मला कळलं नाही. कदाचित पत्र म्हटलं की हात आपोआप सरकारी होतो. तुम्ही त्याला तोंडाने "आरं सोन्या" म्हणता ना? मग तुमच्या बोलण्याइतकंच लिहा. मी खाली माझ्या पद्धतीने लिहिलंय, त्यातली "गेलो"ची "गेल्तो" करायची असली तर खुशाल करा.

एक छोटी गोष्ट राहिली. मी पहिल्या नोकरीला नागपूरला गेले तेव्हा मला दोन पत्रं आली होती. एका काकांचं, चार पानी. त्याच्या दुसऱ्या पानापुढे मी कधी गेले नाही. दुसरं आत्याचं कार्ड, त्यात शेवटी होतं: "तुझा निळा स्वेटर इथेच राहिला. पाठवू की ठेवू?" काकांना मी उत्तर दिलं नाही, कारण द्यायला काही नव्हतं. आत्याला त्याच दिवशी दिलं. तुमच्याही पत्राच्या शेवटी असा एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर त्याला एका ओळीत देता येईल. "कसा आहेस" हा तो प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर "बरा आहे" हेच असतं.

हा मसुदा. बहुतेक शब्द तुमचेच आहेत, मी फक्त जागा बदलल्यात.

*चि. सोन्यास,*
*अनेक उत्तम आशीर्वाद.*

*तुझी आई म्हणाली, तू मुंबई बघितलीयस, तू लिही. पण माझी मुंबई लालबागची. तू जातोयस ती घणसोली मी पाहिलेली नाही. तेव्हा रस्त्यांबद्दल मी तुला काही सांगत नाही. पाळीबद्दल सांगतो, ती मला माहीत आहे.*

*आमच्या गावाच्या गाळ्यात वळकट्या कमी आणि माणसं जास्त. मी रातपाळीहून यायचो तेव्हा ज्याच्या वळकटीवर झोपायचं तो दिवसपाळीला गेलेला असायचा. पहिल्या महिन्यात मी येऊन तसाच आडवा व्हायचो. दोन तासांत भुकेने जाग यायची, मग दिवसभर झोप नाही, आणि रात्री कामावर डोळे मिटायचे. खानावळवाल्या मावशींनी ते ओळखलं. त्या माझं ताट झाकून ठेवायला लागल्या. खिडकीला घोंगडी लावायची युक्ती शेजारच्या गाळ्यातल्या एका म्हाताऱ्याने शिकवली. त्यानंतर मी माणसात आलो. तुमच्या खोलीच्या खिडकीचं माप कळव, जाड पडदा शिवून पाठवतो. तुझी मामी मशीनवर बसलीच आहे.*

*तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या फीचे साठ हजार मी दिले होते. तो विषय माझ्याकडून संपला. परत द्यायचे नाहीत, आणि मनातही ठेवायचे नाहीत.*

*एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. गिरणीतलं काम गेलं तेव्हा मी तीन महिने घरी कळवलं नाही.* (इथे तुमची दोन-तीन वाक्यं.) *तुझं कधी काही बिनसलं, काम झेपेना किंवा नकोसं झालं, तर आईला सांगायच्या आधी मला फोन कर. मी रागावणार नाही आणि गावात बोलणार नाही. परत यावंसं वाटलं तर ये. मीही आलो होतो.*

*कळावे.*
*तुझा मामा*

*ता. क. : खिडकीचं माप विसरू नकोस. लांबी आणि रुंदी, दोन्ही.*

पडद्याची गोष्ट मी घुसडलीय, हे कबूल. तुमच्या पानांत वहिनींच्या शिलाई मशीनचा उल्लेख होता, त्यावरून सुचली. वहिनींना आधी विचारा. त्यांना वेळ नसेल तर दुसरा काहीतरी प्रश्न शोधा, पण खरा. शिवायचाच नसेल तर पडदा कबूल करू नका.

"परत यावंसं वाटलं तर ये" हे वाक्य बहिणीला कदाचित आवडणार नाही. जाताना परत येण्याचं बोलू नये, असं आपल्याकडे मानतात. म्हणूनच ते वाक्य आईपेक्षा मामाने लिहिलेलं बरं.

आता व्हॉट्सअॅप की कागद. कागद. व्हॉट्सअॅपवर पत्र टाकलंत की ते घरच्या ग्रुपवर जायला एक मिनिट लागतो, आणि यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या फक्त त्याने वाचायच्या आहेत. निघताना हातात देऊ नका. त्या दिवशी एसटी स्टँडवर वीस माणसं असतील, पिशव्या मोजायच्या असतील, पत्र बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात जाईल आणि तिथेच राहील. तो कामावर रुजू होऊन आठवडा-दहा दिवस झाले की टपालात टाका. पहिला आठवडा नवेपणात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी खोलीत एकटं बसायची वेळ येते, तेव्हा ते हातात पडावं. पहिल्या पगाराच्या आधी पोचलं तर जास्त बरं, साठ हजारांचं ओझं त्या पगारावर पडणार नाही.

निळं अंतर्देशीय पत्र वापरणार असाल तर त्यात दुसरं काही घालता येत नाही, नियमच आहे. तुमच्या मनात शंभर-एकची नोट घालायचं असेल तर साध्या पाकिटातही घालू नका. साध्या टपालाने रोकड पाठवायची नसते. अकरा रुपये असोत की एकशे एक, निघताना हातावर ठेवा. पत्र साध्या पाकिटात दोन पानांत बसेल.

पत्ता बहिणीकडून तोंडी घेऊ नका, सोन्याकडून लिहून मागवा. घणसोलीत सेक्टर, प्लॉट, सोसायटी, मजला असा लांबलचक पत्ता असतो आणि भाडेकरूचं नाव खालच्या पाटीवर नसतं. म्हणून त्याच्या नावाखाली "द्वारा" लिहून घरमालकाचं नाव घाला, त्याचा मोबाइल नंबर घाला, आणि पिनकोड सहाही आकडी स्वच्छ लिहा. (हे पिनकोड १९७२ साली सुरू केले ते श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या रत्नागिरीकडचे, संस्कृतात कविता करणारे गृहस्थ. टपाल खात्यात असे लोक होते.) मागच्या बाजूला तुमचा पत्ता घालायला विसरू नका. खोली बदलली असेल तर पत्र निदान तुमच्याकडे परत येईल, आणि त्या साठ हजारांचं वाक्य भलत्याच रूममेटच्या हाती पडणार नाही.